अंडी धुवावीत की न धुवावीत? – मौदा भागातील साठवणीचा विचार

मौदा तालुक्यात धानशेतीच्या जोडीला पाच-पंचवीस गावठी कोंबड्या पाळणारी घरे पुष्कळ आहेत. या कोंबड्यांचा सांभाळ बहुधा घरातील स्त्रिया करतात, आणि अंड्यांचा पैसाही त्यांच्याच हाती येतो. अंडी रोजच्या रोज विकली जात नाहीत. बाजाराच्या दिवसापर्यंत ती घरी साठवावी लागतात. एप्रिल-मे महिन्यांत या साठवणीत अंडी नासतात आणि गिऱ्हाईक तुटते. अशा वेळी दोन सल्ले हमखास दिले जातात : अंडी स्वच्छ धुऊन ठेवावीत आणि फ्रीज घ्यावा. यांपैकी पहिला सल्ला बहुतेक वेळा नुकसानीचा ठरतो. दुसरा चुकीचा नसला तरी अपुरा आहे. असे का, हे समजण्यासाठी कवचाची रचना पाहावयास हवी.

कवचावरील लेप

अंड्याचे कवच चुन्याचे असते व ते अखंड दिसते. परंतु त्यावर सुमारे दहा हजार अतिसूक्ष्म छिद्रे असतात. आत पिल्लू वाढत असताना त्याला श्वासोच्छ्वास करता यावा यासाठी ही सोय आहे. याच छिद्रांतून आतील पाण्याची वाफ व वायू बाहेर पडतात आणि बाहेरचे जंतू आत शिरू शकतात. त्यांना अडविण्यासाठी कोंबडी अंडे घालण्यापूर्वी सुमारे दीड-दोन तास कवचावर एक पातळ लेप चढविते. तो मुख्यतः प्रथिनांचा असतो. अंडे बाहेर पडते तेव्हा हा लेप ओला असतो आणि काही मिनिटांतच वाळून छिद्रांची तोंडे बुजवितो. ताज्या अंड्याला हात लावला असता जी किंचित खरखरीत, निस्तेज कांती जाणवते, ती या लेपाची होय. धुतलेले अंडे त्यामानाने गुळगुळीत व चकचकीत वाटते. बाजारात गिऱ्हाईक नेमके अशाच अंड्याकडे हात पुढे करते, ही मोठीच विसंगती आहे!

लेप वाळण्यापूर्वीची ती काही मिनिटे सर्वांत नाजूक असतात. त्या वेळी अंडे ओल्या विष्ठेत पडले, तर जंतूंना आत जाण्यास मोकळी वाट मिळते आणि नंतर कितीही पुसले तरी आत गेलेले जंतू बाहेर निघत नाहीत. म्हणून अंड्याची स्वच्छता खुराड्यातच सुरू व्हावयास हवी. कोंबडी ज्या टोपलीत अंडे घालते त्या टोपलीत कोरडे तणस किंवा धानाचे तूस चार बोटे जाड घालावे आणि ते ओले होताच बदलावे. रात्री कोंबड्यांना या टोपलीत बसू देऊ नये, कारण विष्ठा मुख्यत्वे रात्रीच साठते. एवढे केले तर धुण्याची गरज वाटावी अशी अंडी फारच थोडी निघतील.

धुण्याने काय होते?

अंडे पाण्यात चोळून धुतले की लेपाचा बराचसा भाग निघून जातो आणि छिद्रे उघडी पडतात. परंतु यापेक्षा मोठी हानी पाण्याच्या तापमानामुळे होते, आणि तिकडे फारसे कोणाचे लक्ष जात नाही.

कोंबडीच्या शरीरातून बाहेर पडताना अंड्याचे तापमान सुमारे ४१ अंश सेल्सिअस असते. ते निवू लागले की आतील द्रव आकसतो व त्याच्या जागी छिद्रांतून हवा ओढली जाते. बोथट टोकाकडील हवेची पोकळी अशीच तयार होते. आता समजा, मे महिन्यातील दुपारी घरात ठेवलेले एक अंडे ३८ अंशांपर्यंत तापलेले आहे. ते माठातील २५ अंशांच्या पाण्यात बुडविले. अंडे एकदम १३ अंशांनी निवू लागते, आतील द्रव आकसतो आणि काहीतरी आत ओढले जाणे भाग पडते. या वेळी भोवती हवा नसून पाणी असते, आणि त्या पाण्यात कवचावरून सुटलेली विष्ठा मिसळलेली असते. तेच पाणी जंतूंसह छिद्रांतून आत शोषले जाते. म्हणजे कवच बाहेरून जितके उजळले, तितकी घाण आत गेली, असा हा व्यवहार होतो. त्यातही एकाच घमेल्यातील पाण्यात वीस-तीस अंडी धुतली तर पहिल्या अंड्याची घाण शेवटच्यापर्यंत पोहोचते. घमेले गंजलेले असेल तर आणखी एक दोष जडतो. पांढऱ्या बलकात लोह बांधून ठेवणारे एक प्रथिन असते. लोह न मिळाल्यामुळे जंतूंची वाढ खुंटते. पाण्याबरोबर लोहही आत गेले की हे संरक्षण लंगडे पडते.

अशा रीतीने धुतलेली अंडी त्या दिवशी उत्तम दिसतात. बिघाड चार-आठ दिवसांनी उघडकीस येतो. अंडे फोडल्यावर पांढरा बलक पाण्यासारखा पातळ व हिरवट छटेचा दिसतो. प्रारंभी वास येईलच असे नाही, त्यामुळे अशी अंडी स्वयंपाकात जाण्याचा धोका असतो. हिरवट झाक दिसताच अंडे टाकून द्यावे.

परदेशांत अंडी धुतात, मग आपण का धुऊ नयेत, असा प्रश्न ग्रामसेवकांना विचारला जातो. अमेरिकेत विक्रीची अंडी धुतली जातात हे खरे आहे. तथापि तेथील नियमानुसार पाण्याचे तापमान किमान ३२ अंश आणि अंड्याच्या आतील तापमानापेक्षा किमान ११ अंशांनी अधिक ठेवावे लागते. असे केल्याने अंडे आकसण्याऐवजी फुगते आणि पाणी आत ओढले जात नाही. धुतल्यावर अंडी ताबडतोब वाळवितात आणि पुढे दुकानापर्यंत ७ अंशांच्या आसपासच्या थंडीत ठेवतात, कारण लेप गेलेल्या अंड्याला थंडीचाच आधार उरतो. युरोपीय देशांतील प्रघात याच्या उलट आहे. तेथे पहिल्या प्रतीची अंडी सामान्यतः धुण्यास मनाई आहे. लेप शाबूत ठेवून दुकानात ती साध्या तापमानात मांडली जातात. दोन्ही पद्धती आपापल्या जागी सुसंगत आहेत. अडचण होते ती अर्धी एक व अर्धी दुसरी पद्धत उचलल्याने : म्हणजे अमेरिकेप्रमाणे धुवावयाचे आणि युरोपप्रमाणे टोपलीत ठेवावयाचे.

आणि अमेरिकेचा नियम मौद्याच्या मे महिन्याला लावून पाहावा. अंडे ३८ अंशांचे असेल तर पाणी ४९ अंशांचे हवे, शेवटच्या अंड्यापर्यंत तेच तापमान राहावे आणि पाणी वारंवार बदलावे. तापमापक, इंधन व थंडगार साठवण यांची जोड असल्याशिवाय हे जमणारे नाही. घरगुती कोंबडीपालनात त्यापेक्षा न धुणेच शहाणपणाचे आहे.

थोडी विष्ठा लागलेले अंडे कोरड्या, खरबरीत फडक्याने तेवढ्याच जागी पुसावे. सर्व अंडे घासू नये, कारण कोरड्या घासण्यानेही लेप झिजतो. फारच माखलेली व तडकलेली अंडी विक्रीसाठी वा साठवणीसाठी ठेवू नयेत. त्यांपैकी तडकलेली अंडी शंकास्पद नसतील तर त्याच दिवशी पूर्ण शिजवून घरात खावीत. स्वयंपाकाच्या वेळी, फोडण्याच्या अगदी आधी, अंडे धुण्यास मात्र हरकत नाही. त्यानंतर ते साठवावयाचे नसते.

उन्हाळ्यातील खरा शत्रू

लेप शाबूत असला म्हणजे अंडे सुरक्षित झाले, असेही समजू नये. लेप जंतूंना अडवितो. उष्णतेला अडवीत नाही. नागपूर भागात मे महिन्यात पारा ४५ अंशांपलीकडे जातो आणि कौलारू किंवा पत्र्याच्या घरात रात्रीही अंडी थंड होत नाहीत. अशा उष्णतेत घट्ट पांढरा बलक लवकर पातळ होतो, पिवळ्या बलकाचे आवरण दुबळे होते आणि हवेची पोकळी वाढत जाते.

परंतु गावठी अंड्याच्या बाबतीत याहून मोठे कारण कोंबडा हे आहे. गावातील कळपात कोंबडा मोकळा फिरतो, म्हणून अंडी फलित असतात. फलित अंड्यातील गर्भ २० अंशांच्या खाली झोपलेला राहतो. तापमान २७ अंशांच्या वर गेले की त्याची अर्धवट, अनियमित वाढ सुरू होते, आणि ३७-३८ अंश म्हणजे तर प्रत्यक्ष उबवणीचेच तापमान होय. उन्हाळ्यात फळीवर ठेवलेली अंडी ही खुडूक कोंबडीखाली ठेवल्यासारखीच असतात. तीन-चार दिवसांत आत रक्ताच्या शिरा दिसू लागतात. मग तापमान खाली-वर होऊन गर्भ मरतो, आणि उन्हाळ्यात ‘नासकी’ म्हणून परत येणाऱ्या अंड्यांत अशी पुष्कळ असतात. न धुतलेली अंडीसुद्धा उन्हाळ्यात का नासतात, याचा उलगडा येथे होतो.

यावरील उपाय बिनखर्चाचा आहे. अंडी घालण्यासाठी कोंबडीला कोंबड्याची गरज नसते. पिल्ले काढावयाची नसतील तर उन्हाळ्यापुरता कोंबडा विकावा अथवा वेगळा बांधावा. मात्र कोंबडा दूर केल्यावरही कोंबडीची अंडी दोन-तीन आठवड्यांपर्यंत फलित निघू शकतात. म्हणून एप्रिलमधील विक्रीचा विचार मार्चच्या सुरुवातीसच करावयास हवा. शेजारच्या घरचा कोंबडा मोकळा असेल तर आपला बांधून उपयोग होत नाही. यासाठी एका टोळीतील सर्व घरांनी मिळून ठरविले पाहिजे. ग्रामसेवकाने बैठक घ्यावी ती याच एका गोष्टीसाठी.

फ्रीज नसेल तर रेतीतील मडके

न धुतलेली, न तडकलेली अंडी डिसेंबर-जानेवारीत घरातील थंड, सावलीच्या जागी दोन आठवडे सहज टिकतात. त्या दिवसांत फ्रीज नसल्याने काही बिघडत नाही. पावसाळ्यात एक आठवडा हा हिशेब धरावा. उन्हाळ्यात उघड्या फळीवर फलित अंडे तीन दिवसांहून अधिक ठेवू नये. फ्रीज असेल तर न धुतलेली अंडी त्यात तीन-चार आठवडे राहतात.

मौद्याजवळ कन्हान नदीची रेती आहे आणि उन्हाळ्यातील हवा अतिशय कोरडी आहे. या दोहोंचा मेळ घालून चांगला गारवा निर्माण करता येतो. ओसरीच्या सावलीत, जेथे वारा खेळता असेल तेथे, वीतभर जाड रेतीचा थर पसरावा. त्यात रुंद तोंडाचे, कोरे, मातीचे मडके अर्ध्यापर्यंत बसवावे. जुन्या मडक्याची छिद्रे क्षारांनी बुजलेली असतात, त्यामुळे ते गारवा देत नाही. मडक्याच्या तळाशी कोरडे तणस घालून त्यावर बांबूची लहान टोपली ठेवावी व टोपलीत अंडी बोथट टोक वर करून रचावीत. अंडी मडक्याच्या ओलसर भिंतीला टेकता कामा नयेत. तोंडावर बांबूची ताटी व तिच्यावर ओले गोणपाट टाकावे. रेतीवर सकाळ-संध्याकाळ आणि कडक उन्हात दुपारीही पाणी शिंपडावे. मडक्यात पाणी जाऊ देऊ नये.

कोरड्या दुपारी मडक्यातील तापमान बाहेरच्यापेक्षा १० अंशांनी किंवा त्याहूनही अधिक कमी राहते. तरीही ते २० अंशांखाली जात नाही, हे ध्यानात असावे. याचाच अर्थ, मडक्याने फलित अंड्याची वाढ मंदावते, थांबत नाही. अफलित अंडी अशा मडक्यात आठवडाभर चांगली राहतात. पाऊस सुरू झाला की हवेत ओलावा येतो, बाष्पीभवन मंदावते आणि हे साधन निरुपयोगी होते. उलट ओलसर मडक्यात कवचावर बुरशीचे बारीक ठिपके येतात. जूनमध्ये पहिला जोराचा पाऊस झाला की मडके उचलून ठेवावे.

ज्यांना मडक्याची देखभाल होत नाही त्यांनी तेलाचा लेप द्यावा. शेंगदाण्याचे तेल चांगले तापवून पूर्ण निवू द्यावे. त्याच दिवशीचे स्वच्छ व कोरडे अंडे त्यात क्षणभर बुडवून जाळीवर निथळत ठेवावे. तेलाने छिद्रे बुजतात आणि आतील वाफ व वायू बाहेर पडणे कमी होते. दोन-तीन दिवसांनी तेल लावल्यास फारसा लाभ होत नाही, कारण बरेच नुकसान पहिल्या दिवसांतच होऊन जाते. तेलाने आतील जंतू मरत नाहीत व गर्भही मरेल याचा भरवसा नाही. उबवणीस ठेवावयाच्या अंड्यांना मात्र तेल कधीही लावू नये. आतील पिल्लू गुदमरते.

एका आठवड्याचा हिशेब

एका घरी बारा कोंबड्या आहेत व दिवसाला सरासरी चार अंडी मिळतात असे धरू. आठवड्याच्या बाजाराला २८ अंडी जमतात. त्यांपैकी सर्वांत जुनी चार अंडी बाजाराच्या दिवशी सहा दिवसांची झालेली असतात. गिऱ्हाईक ती आणखी तीन-चार दिवस घरात ठेवणार. म्हणजे या अंड्यांना दहा दिवस टिकावे लागते, हे विकणाऱ्याच्या सहसा लक्षात येत नाही. बाजारात उठून दिसावीत म्हणून सकाळी ती थंड पाण्याने धुतली, तर उरलेल्या चार दिवसांतच, म्हणजे गिऱ्हाइकाच्या घरात, ती बिघडतात. दोष त्याच्या डोळ्यांसमोर उघडा पडतो आणि पुढच्या बाजारी ते दुसरीकडे वळते.

याच घराने मार्चमध्ये कोंबडा वेगळा केला, अंडी दिवसातून दोनदा गोळा केली (दुपारची फेरी उन्हाळ्यात चुकवू नये), प्रत्येक अंड्यावर पेन्सिलीने तारखेचा आकडा टाकला आणि ती लगेच मडक्यात ठेवली, तर २८ पैकी बहुतेक सर्व अंडी चांगल्या स्थितीत विकली जातील. तारखेमुळे जुनी अंडी आधी काढता येतात. विकतानाही जुनी अंडी आजच-उद्या वापरणाऱ्या खाणावळीला आणि ताजी घरगुती गिऱ्हाइकाला, अशी वाटणी करता येते.

बाजारास निघण्यापूर्वी पहाटे अंडी उजेडासमोर धरून तपासावीत. पुठ्ठ्याच्या खोक्याला अंड्याच्या जाडीपेक्षा किंचित लहान, सुमारे तीन सेंटिमीटर व्यासाचे भोक पाडावे, आत बॅटरी लावावी आणि अंधाऱ्या खोलीत अंड्याचे बोथट टोक भोकाशी टेकवून ते हलके फिरवावे. ताज्या अंड्यात हवेची पोकळी ५-६ मिलिमीटरहून खोल नसते. रक्ताचे वलय किंवा शिरांचे जाळे दिसले तर गर्भाची वाढ सुरू झाली होती, असे समजावे व ते अंडे काढून टाकावे. काळपट डाग किंवा हिरवट चमक हे नासल्याचे लक्षण होय.

अंडे पाण्यात टाकून पाहण्याची रीत सर्वांना माहीत आहे : ताजे अंडे तळाशी आडवे पडते, जुने उभे राहते, फार जुने तरंगते. या रीतीने अंड्याचे वय कळते, त्यात जंतू आहेत की नाहीत ते कळत नाही. शिवाय तपासलेले अंडे ओले होते. म्हणून ही परीक्षा स्वयंपाकघरातच करावी, साठवणीच्या किंवा विक्रीच्या अंड्यांची करू नये.

फ्रीज वापरणाऱ्यांसाठी

फ्रीजमध्ये अंडी ठेवण्यात एक बंधन आहे, ते पुष्कळदा पाळले जात नाही. एकदा थंड केलेले अंडे वापरेपर्यंत थंडच राहिले पाहिजे. थंड अंडे जुलै-ऑगस्टच्या दमट हवेत बाहेर काढले की त्यावर दव जमते. लेप असला तरी या पाण्याच्या थरातून जंतूंना छिद्रांत जाण्यास मदत होते. ते पुसून पुन्हा आत ठेवणे आणि पुन्हा काढणे, असे चार वेळा झाले तर अंड्याची स्थिती धुतलेल्या अंड्यासारखीच होते. म्हणून बाजारात टोपलीत मांडावयाची अंडी फ्रीजमध्ये ठेवू नयेत. मडक्यातून ती थेट बाजारात न्यावीत. घरी खाण्यासाठी ठेवलेली अंडी फ्रीजच्या दारात न ठेवता आतील फळीवर झाकणाच्या डब्यात ठेवावीत, कारण दार उघडताना तेथील तापमान सारखे बदलते आणि अंडी इतर पदार्थांचा वासही ओढून घेतात.

काही रोगजंतू कोंबडीच्या अंडाशयातूनच अंड्यात येतात, कवच तयार होण्यापूर्वीच. त्यांवर लेपाचा, पुसण्याचा किंवा धुण्याचा परिणाम होत नाही. थंडीने त्यांची वाढ थांबते, परंतु ते मरत नाहीत; मरतात ते शिजविल्यानेच. उन्हाळ्यात साठविलेले अंडे पांढरा व पिवळा असे दोन्ही बलक घट्ट होईपर्यंत शिजवावे. लहान मुले, गरोदर स्त्रिया व आजारी माणसे यांना अर्धकच्चे अंडे कोणत्याही ऋतूत देऊ नये.

गावात प्रात्यक्षिक दाखवावयाचे असेल तर ग्रामसेवकाने एप्रिलमध्ये एकाच दिवशीची सोळा अंडी घ्यावीत. चार थंड पाण्याने धुवावीत, चार तशीच फळीवर ठेवावीत, चार तेल लावून फळीवर आणि चार न धुता रेतीतील मडक्यात ठेवावीत. प्रत्येकावर खूण करावी आणि शक्य तर ग्रॅमच्या काट्यावर वजन करून लिहून ठेवावे. आठव्या दिवशी पुन्हा वजन करून सर्व अंडी उजेडासमोर पाहावीत व मग सपाट ताटलीत एकेक फोडावे. वजनातील घट, पिवळ्या बलकाचा उंचवटा आणि पांढऱ्या बलकाचा पसरटपणा सर्वांना उघड दिसतो. अंडी फलित असतील तर फळीवरील काही अंड्यांत रक्ताच्या शिराही दिसतील; अशा वेळी ती कोणत्या घरच्या कळपातील आहेत आणि तेथे कोंबडा आहे काय, हे त्याच ठिकाणी विचारून नोंदवावे. फोडलेली अंडी खाण्यास देऊ नयेत. खड्ड्यात पुरून टाकावीत.